व्होल्टेज उतरवले की क्लॉक का मंदावावे लागते

इंटेलने मार्च २००३ मध्ये लॅपटॉपसाठी पेंटियम एम हा प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्या १.६ गिगाहर्ट्झच्या प्रकारासाठी सहा जोड्यांचा एक छोटा तक्ता ठरवून दिलेला होता. १.६ गिगाहर्ट्झला १.४८४ व्होल्ट, १.४ ला १.४२०, १.२ ला १.२७६, १ गिगाहर्ट्झला १.१६४, ८०० मेगाहर्ट्झला १.०३६ आणि ६०० मेगाहर्ट्झला ०.९५६ व्होल्ट. काम भरपूर असेल तेव्हा प्रोसेसर वरच्या जोडीवर चाले. वापरणारा नुसता मजकूर वाचत बसला असेल तेव्हा तो खालच्या जोडीवर उतरे. चालू असतानाच चिपचे व्होल्टेज आणि क्लॉकचा वेग असे बरोबरीने खालीवर करण्याच्या पद्धतीला डायनॅमिक व्होल्टेज अँड फ्रिक्वेन्सी स्केलिंग, थोडक्यात डीव्हीएफएस म्हणतात. आजच्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आणि संगणकात ती असते.

तक्त्यातल्या संख्या जोडीने येतात, ही त्यातली खरी लक्षात घेण्याजोगी बाब. ६०० मेगाहर्ट्झवर १.४८४ व्होल्ट देऊन प्रोसेसर बिनचूक चालेल, फक्त वीज वाया जाईल. उलट १.६ गिगाहर्ट्झवर ०.९५६ व्होल्ट दिले तर तो चुकीची उत्तरे देऊ लागेल किंवा बंदच पडेल. म्हणजे प्रत्येक वेगासाठी व्होल्टेजची एक खालची मर्यादा असते. ती कुठून येते हे समजून घेण्यासाठी आधी व्होल्टेज उतरवण्याचा एवढा आग्रह का, हे पाहायला हवे.

प्रोसेसरमधल्या कोट्यवधी ट्रान्झिस्टरांचे काम एकाच प्रकारचे असते. प्रत्येक लॉजिक गेटच्या बाहेर पडणारी तार एकतर पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत चढवायची, म्हणजे १ लिहायचा, किंवा शून्य व्होल्टपर्यंत उतरवायची, म्हणजे ० लिहायचा. त्या तारेला आणि तिला जोडलेल्या पुढच्या गेटांना मिळून थोडी धारिता असते, म्हणजे ती सारी मिळून एका चिमुकल्या कपॅसिटरसारखी वागतात. हा कपॅसिटर भरताना आणि रिकामा करताना ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. एका भरण-रिकामे होण्यात खर्च होणारी ऊर्जा धारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला असे किती वेळा घडते हे क्लॉक ठरवते. म्हणून या कामाला लागणारी शक्ती अशी लिहितात:

```
P = a · C · V² · f
```

इथे C ही सगळी धारिता, V व्होल्टेज, f क्लॉकची फ्रिक्वेन्सी, आणि a म्हणजे एका ठोक्यात सरासरी किती भाग प्रत्यक्ष बदलतो ते प्रमाण.

या सूत्रात f एकदाच येतो आणि V दोनदा. त्यामुळे नुसता क्लॉक मंद केल्याने जे मिळते ते दिसते त्याहून कमी असते. वेग निम्मा केला की शक्ती निम्मी होते हे खरे, पण तेच काम पुरे व्हायला दुप्पट वेळ लागतो. एखाद्या कामाला शंभर कोटी ठोके लागत असतील तर ते एका सेकंदात पडोत की दोन सेकंदांत, तारा तितक्याच वेळा भरल्या आणि रिकाम्या केल्या जातात आणि ऊर्जाही तितकीच जाते. चिप कमी तापते, पण बॅटरीवरचे त्या कामाचे बिल कमी होत नाही. ते बिल कमी करण्याचा खरा मार्ग म्हणजे V उतरवणे. व्होल्टेज २० टक्के उतरवले की प्रत्येक ठोक्यामागची ऊर्जा ३६ टक्के घटते. क्लॉक मंद करणे ही त्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे. डीव्हीएफएसचे वर्णन करताना हा क्रम बऱ्याचदा उलटा सांगितला जातो, जणू वेग कमी करणे हाच बचतीचा उपाय आहे. म्हणून तो इथे मुद्दाम स्पष्ट करायला हवा.

आता मूळ प्रश्न. व्होल्टेज उतरवल्यावर गेट मंद का होते? पहिल्या विचारात तर उलटेच वाटायला हवे. तार ०.८ व्होल्टपर्यंत चढवायला १ व्होल्टपर्यंत चढवण्यापेक्षा कमी विद्युतभार लागतो. भरायचे कमी, तर वेळही कमी, असा हा सरळ हिशेब. तो चुकतो, कारण भरणारा प्रवाहही त्याच व्होल्टेजवर अवलंबून असतो आणि तो विद्युतभारापेक्षा जास्त वेगाने आटतो.

प्रवाह आटण्याचे कारण ट्रान्झिस्टरच्या रचनेत आहे. त्याच्या गेट या टोकावर दिलेले व्होल्टेज एका ठरावीक पातळीच्या वर गेले की मगच तो नीट वाहू लागतो. या पातळीला थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणतात. ती चिप तयार होतानाच ठरते आणि पुरवठा कमी केला म्हणून सोबत खाली येत नाही. ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह जाईल हे पूर्ण पुरवठ्यावर ठरत नाही. थ्रेशोल्डच्या वर जेवढे व्होल्टेज उरते तेवढ्यावर ठरते. बिनदरवाजाच्या धरणाच्या सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याचे गणित जवळजवळ असेच असते. धरणात तळापासून दहा मीटर पाणी असेल आणि सांडव्याचा माथा साडेतीन मीटरवर असेल तर विसर्ग ठरवते ती माथ्यावरची साडेसहा मीटरची उंची. पाण्याची पातळी दहावरून आठवर आली, म्हणजे पाचवा हिस्सा उतरली, तरी माथ्यावरची उंची साडेसहावरून साडेचारवर येते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. त्यात सांडव्यावरचा विसर्ग त्या उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असल्याने तो आणखीच जास्त कमी होतो.

ट्रान्झिस्टरसाठी असाच घात ताकायासु साकुराई आणि रिचर्ड न्यूटन यांनी १९९० मध्ये मांडला. त्यांच्या सूत्राप्रमाणे प्रवाह (V − Vt) या फरकाच्या α घाताच्या प्रमाणात असतो. जुन्या, लांब ट्रान्झिस्टरांमध्ये α चे मूल्य २ असे. लहान ट्रान्झिस्टरांमध्ये ते १.३ च्या आसपास येते. भरायचा विद्युतभार V च्या प्रमाणात आणि भरणारा प्रवाह या घाताच्या प्रमाणात, म्हणून गेटला लागणारा वेळ असा येतो:

```
t ∝ V / (V − Vt)^α
```

वरचा V खाली आल्याने वेळ थोडा वाचतो, पण खालचा कंस त्याहून जोरात लहान होतो आणि भागाकार वाढतो. हे किती ते पाहण्यासाठी एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेली चिप घेता येईल. पुरवठा १ व्होल्ट, थ्रेशोल्ड ०.३५ व्होल्ट आणि α १.३. एक व्होल्टवर गेटला लागणारा वेळ हे माप धरले, तर ०.८ व्होल्टवर तो १.२९ पट होतो, ०.६ व्होल्टवर २.०८ पट आणि ०.५ व्होल्टवर ३.३६ पट. पहिले दोन दशांश व्होल्ट स्वस्तात सुटतात. पुढचे प्रत्येक पाऊल अधिकाधिक महाग पडते, कारण उरलेला फरक थ्रेशोल्डच्या जवळ जाऊन झपाट्याने संपत असतो.

गेट मंद झाले एवढ्यावरून क्लॉकही मंद करावे लागेल असे अजून सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या मांडणीमुळे. प्रोसेसरमध्ये फ्लिप-फ्लॉप नावाची लाखो छोटी साठवणस्थाने असतात. प्रत्येकात एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, राहतो. क्लॉकचा ठोका पडला की सगळे फ्लिप-फ्लॉप आपल्या दाराशी असलेली किंमत एकदम आत घेतात आणि पुढचा ठोका पडेपर्यंत तीच बाहेर दाखवत राहतात. दोन फ्लिप-फ्लॉपांच्या मध्ये गेटांची साखळी असते. पहिल्या ठोक्याला निघालेली किंमत या साखळीतून जात बदलत जाते आणि तिने दुसऱ्या ठोक्याच्या आत पलीकडच्या फ्लिप-फ्लॉपच्या दाराशी पोचायला हवे. नुसते पोचूनही भागत नाही. ठोका पडण्याआधी थोडा वेळ तिने तिथे स्थिर असावे लागते. या वेळाला सेटअप टाइम म्हणतात.

क्लॉकला स्वतःहून काहीच कळत नसते. साखळीचे काम झाले का हे विचारण्याची सोय या मांडणीत नाही. ठोका वेळेवर पडतो आणि त्या क्षणी दाराशी जे असेल तेच खरे मानले जाते. म्हणूनच चिपची आखणी करणारे अभियंते सर्वांत लांब साखळी शोधतात. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही एक साखळी ज्या वेळात पुरी होते, त्याहून दोन ठोक्यांमधला अवधी कमी असून चालत नाही, मग बाकीच्या लाखो साखळ्या कितीही लवकर संपोत.

वरच्याच काल्पनिक चिपमध्ये अशी एक साखळी घेऊ या. क्लॉक २ गिगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दोन ठोक्यांत ५०० पिकोसेकंदांचे अंतर. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लक्ष कोटीवा भाग. एक व्होल्टवर पहिल्या फ्लिप-फ्लॉपमधून किंमत बाहेर यायला ५० पिकोसेकंद लागतात, गेटांच्या साखळीला ३८० आणि सेटअपसाठी ४०. बेरीज ४७०. हाताशी ३० पिकोसेकंदांची शिल्लक राहते आणि चिप बिनघोर चालते.

आता क्लॉक तसाच ठेवून व्होल्टेज ०.८ वर आणले. फ्लिप-फ्लॉपही ट्रान्झिस्टरांचेच बनलेले असल्याने तिन्ही वेळा सारख्याच १.२९ पट होतात असे ढोबळमानाने धरता येते. ५० चे साधारण ६४ होतात, ३८० चे ४९० आणि ४० चे ५२. बेरीज ६०६. ठोका मात्र ५०० वरच पडतो. किंमत साखळीच्या शेवटच्या गेटांमध्ये कुठेतरी वाटेत असते आणि पलीकडचा फ्लिप-फ्लॉप दाराशी असलेली जुनी किंवा अर्धवट किंमत उचलतो. हे टाळायचे तर अवधी किमान ६०६ करावा लागेल, आणि आधीइतकीच सापेक्ष शिल्लक हवी असेल तर ६४५ पिकोसेकंद. त्याची फ्रिक्वेन्सी होते १.५५ गिगाहर्ट्झ. २ गिगाहर्ट्झ आणि १ व्होल्ट या जोडीची ०.८ व्होल्टची भागीदार जोडी अशी सापडते.

या सौद्यात काय मिळाले? वेग साडेबावीस टक्के गेला. शक्ती ०.८ च्या वर्गाने आणि ०.७७५ ने गुणली गेली, म्हणजे जवळपास निम्मी झाली. दहा सेकंदांचे काम आता सुमारे १२.९ सेकंद घेते, पण गेटांवर खर्च होणारी ऊर्जा त्यासाठी ३६ टक्के कमी लागते. काम दहा सेकंदांत संपण्याची घाई नसेल तर ही बचत निखळ आहे.

वेळ चुकते तेव्हा नेमके काय बिघडते हे बेरजेच्या गेटांवरून चांगले दिसते. बायनरीत ०१११११११ मध्ये १ मिळवायचा आहे. पहिल्या स्थानावर १ आणि १ मिळून ० येतो आणि हातचा १ पुढे जातो. तिथे पुन्हा तेच. हातचा एकेक स्थान ओलांडत शेवटच्या स्थानावर पोचेल तेव्हाच खरे उत्तर, १०००००००, तयार होते. ठोका लवकर पडला आणि हातचा पाचव्या स्थानापर्यंतच पोचलेला असला, तर खालची स्थाने बरोबर आणि वरची जुनी, असे भलतेच उत्तर साठवले जाते. प्रत्यक्षातल्या बेरीज-मंडलात हातचा पुढे नेण्याच्या जलद युक्त्या असतात, तरी लांब हातच्याला आखूड हातच्याहून जास्त वेळ लागतोच. यातली अडचणीची बाब अशी की ०००००१०० मध्ये १ मिळवण्याची बेरीज त्याच व्होल्टेजवर आणि त्याच क्लॉकवर बिनचूक होते. म्हणजे चूक आकड्यांवर अवलंबून असते. व्होल्टेज थोडेसेच कमी पडले असेल तर यंत्र तासन्‌तास ठीक चालते आणि एखाद्या विशिष्ट गणितालाच घसरते. आणखी उतरवले की आज्ञांचे पत्ते आणि नियंत्रणाचे बिटही चुकू लागतात, आणि संगणक गोठतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो.

हे घडल्याचा सर्वांत बोलका पुरावा डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या प्लंडरव्होल्ट या संशोधनात मिळतो. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी इंटेलच्या प्रोसेसरांतली एक सोय वापरली. तिच्यामुळे सॉफ्टवेअरमधूनच प्रोसेसरचे व्होल्टेज नेहमीच्या पातळीच्या खाली ढकलता येत असे. त्यांनी क्लॉक एका जागी स्थिर ठेवला, त्याच दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार पुन्हा पुन्हा करायला लावला आणि व्होल्टेज थोडे थोडे उतरवत नेले. एका टप्प्याला गुणाकाराच्या उत्तरात काही बिट उलटे येऊ लागले. प्रोसेसरने कोणतीही चूक कळवली नाही. नुसते उत्तर बदलले. गुणाकाराच्या मंडलात गेटांची साखळी लांब असते, त्यामुळे पहिली चूक तिथे दिसावी हे वर सांगितलेल्या कारणमीमांसेशी जुळते. संशोधकांनी पुढे जाऊन अशा चुकांच्या मदतीने प्रोसेसरच्या संरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या उकलून दाखवल्या. इंटेलने त्यानंतर ही सोय कुलूपबंद करण्याची तरतूद दिली. दोन वर्षे आधी, २०१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लकस्क्रू या कामात हेच गणित दुसऱ्या टोकाने सोडवले होते. त्यांनी एका मोबाइलमध्ये वेग आणि व्होल्टेज यांच्या ठरलेल्या जोडीपलीकडे वेग चढवला आणि तशाच चुका घडवल्या. ठोका लवकर पाडा किंवा साखळी मंद करा, वेळ चुकायची ती चुकतेच.

एका वेळेच्या अटीला मात्र क्लॉक मंद करण्याचा काहीच उपयोग होत नाही. ठोका पडल्यानंतरही क्षणभर दाराशी तीच किंमत टिकून राहावी लागते; याला होल्ड टाइम म्हणतात. अगदी आखूड साखळीतून नवी किंमत फारच लवकर आली तर ती जुनीला ढकलून देते. ही शर्यत एकाच ठोक्याच्या आतली असल्याने पुढचा ठोका कधी पडणार याच्याशी तिचा संबंध नसतो. सेटअपची चूक क्लॉक उतरवून दुरुस्त होते, होल्डची होत नाही. म्हणून चिप आखताना होल्डची तपासणी तक्त्यातल्या प्रत्येक व्होल्टेजवर स्वतंत्रपणे करावी लागते.

व्होल्टेज आणि वेग एकमेकांशी असे बांधलेले असल्यामुळे ते बदलण्याचा क्रमही ठरून जातो. वेग वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज चढवायचे, ते नव्या पातळीवर स्थिर झाले की मग क्लॉक. वेग कमी करायचा असेल तर आधी क्लॉक उतरवायचा आणि मगच व्होल्टेज. दोन्ही वेळा मधल्या काळात प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजवर असतो. वीज थोडी वाया जाते पण उत्तर चुकत नाही. पेंटियम एममध्ये व्होल्टेज १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी बदले, त्यामुळे ०.९५६ वरून १.४८४ वर जायला ३३ पायऱ्या लागत. पायऱ्या चढत असताना प्रोसेसरचे काम चालूच राही. क्लॉक तयार करणारे मंडल नव्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर व्हायला जो वेळ घेई, सुमारे १० मायक्रोसेकंद, तेवढेच काम थांबे. त्या दहा मायक्रोसेकंदांतही जुन्या वेगाने १६,००० ठोके पडले असते, त्यामुळे उगाच वारंवार जोडी बदलणेही परवडत नाही.

जोडी केव्हा बदलायची हे बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. १९९४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या केंद्रातील मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना अजूनही पायाशी आहे: गेल्या थोड्या काळात प्रोसेसर किती वेळ रिकामा होता ते पाहायचे आणि त्यावरून पुढच्या काळासाठी वेग निवडायचा. लिनक्समधला schedutil हा नियंत्रक आज असेच काही करतो. तो कामाच्या अंदाजावर पंचवीस टक्के अधिक धरून वेग मागतो, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी काम तुंबत नाही.

तक्त्यातली व्होल्टेजे साखळीच्या गणितातून येणाऱ्या आकड्यांपेक्षा बरीच वर ठेवलेली असतात. एकाच वेफरवरच्या दोन चिपा सारख्या नसतात. एकदम मोठे काम सुरू झाले की चिपच्या आतले व्होल्टेज क्षणभर खचते. वर्षानुवर्षे वापरून ट्रान्झिस्टर किंचित मंद होत जातात. या सगळ्यांसाठी राखीव शिल्लक सोडावी लागते. तापमानाचा परिणाम तर व्होल्टेजनुसार दिशाच बदलतो. पुरवठा भरपूर असताना गरम चिप मंद असते, कारण उष्णतेने इलेक्ट्रॉनांच्या हालचालीला अडथळा वाढतो. पण उष्णतेने थ्रेशोल्डही खाली येतो, आणि पुरवठा थ्रेशोल्डच्या जवळ आला की हा दुसरा परिणाम वरचढ ठरतो. तेव्हा थंड चिपच जास्त मंद असते. कमी व्होल्टेजची जोडी नुसती गरम चिपवर तपासून सोडली तर हिवाळ्यातल्या पहाटे ती अपुरी पडू शकते.

ही शिल्लक कापण्याचा एक धाडसी प्रयोग मिशिगन विद्यापीठात झाला. २००३ मध्ये मांडलेल्या त्या रचनेचे नाव रेझर. लांब साखळ्यांच्या टोकाला असलेल्या फ्लिप-फ्लॉपाशेजारी एक दुसरे साठवणस्थान बसवायचे आणि त्याला ठोका जरा उशिरा द्यायचा. वेळेवर पोचलेली किंमत दोन्हीकडे सारखी दिसते. उशीर झालेला असेल तर पहिल्यात चुकीची आणि दुसऱ्यात बरोबर किंमत सापडते. फरक दिसला की बरोबर किंमत परत भरायची आणि एखादा ठोका वाया जाऊ द्यायचा. अशा चिपला आपल्या साखळ्या वेळेवर पोचतात की नाही हे स्वतःलाच कळते. त्यामुळे क्वचित एखादी चूक होईल इथपर्यंत व्होल्टेज उतरवता येते. याचा भुर्दंड आखूड साखळ्यांना बसतो: उशिराच्या ठोक्यापर्यंत जुनी किंमत टिकावी म्हणून त्यांना मुद्दाम लांब करावे लागते.

व्होल्टेज किती खाली न्यायचे याला खालून दोन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे चिपमधली मेमरी. तिच्या प्रत्येक बिटाच्या कप्प्यात सहा छोटे ट्रान्झिस्टर एकमेकांना तोलून धरतात. ते एकमेकांशी तंतोतंत जुळणारे नसतात, आणि व्होल्टेज घटले की हा असमतोल कप्प्याला उलटवायला पुरेसा ठरतो. कोट्यवधी कप्प्यांपैकी सर्वांत दुबळा कप्पा संपूर्ण मेमरीची मर्यादा ठरवतो, आणि क्लॉक कितीही मंद केला तरी ती हटत नाही.

दुसरी गोष्ट गळतीची. बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपत राहतो, ठोका पडो वा न पडो. पेंटियम एमचे आकडे इथे उपयोगी पडतात. वरच्या जोडीवर त्याची उष्णतेसाठी धरलेली शक्ती २४.५ वॅट होती. सूत्राप्रमाणे ०.९५६ व्होल्ट आणि ६०० मेगाहर्ट्झवर ती ३.८ वॅट व्हायला हवी. इंटेलने दिलेला आकडा ६ वॅटचा होता. क्लॉकबरोबर न घटणारी शक्ती, आणि तिच्यात प्रामुख्याने गळती, हे अंतर भरून काढते.

काल्पनिक चिपकडे पुन्हा पाहिले तर गळतीचे टोक स्पष्ट दिसते. समजा १ व्होल्टवर ती गेटांच्या कामासाठी २ वॅट आणि गळतीत अर्धा वॅट घेते, आणि गळतीची शक्ती व्होल्टेजच्या प्रमाणात घटते. दहा सेकंदांच्या कामाला २५ ज्यूल लागतात. ०.८ व्होल्टवर तेच काम १८ ज्यूलमध्ये होते. ०.६ व्होल्टवर १३.४ ज्यूल. ०.५ व्होल्टवर पुन्हा १३.४ च: गेटांची ऊर्जा ७.२ वरून ५ वर आली, पण काम जवळजवळ ३४ सेकंद चालल्याने गळती ६.२ वरून ८.४ वर गेली. ०.४५ व्होल्टवर कामाला ५१ सेकंद लागतात आणि एकूण खर्च वाढून साडेपंधरा ज्यूलच्या वर जातो. म्हणजे ०.५ आणि ०.६ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी ऊर्जेचा तळ आहे आणि त्याच्या खाली उतरणे तोट्याचे. त्या तळाशी पोचल्यावरही काम थोडेच असेल, तर ते तिथल्याच वेगाने संपवून त्या कोअरचा पुरवठा पूर्ण तोडणे आजच्या चिपांमध्ये शक्य असते. पुरवठा तुटला की गेटांचा खर्च आणि गळती दोन्ही जवळजवळ थांबतात, आणि पुढचे काम आले की व्होल्टेज परत चढवून मगच क्लॉक सुरू केला जातो.